दीड लाखाचं व्याज किती?

"ताई, दीड लाखाचं व्याज किती होतं तेवढं काढून दे ना. २५ तारखेला द्यायचंय."

मावसभावाचा निरोप एवढाच होता. मी हिशेब लिहिण्याचंच काम करते, त्यामुळे असे निरोप मला अधूनमधून येतात आणि बहुतेक सगळे असेच अर्धे असतात. मुद्दल तेवढं सांगितलेलं असतं. दर काय, तो वर्षाचा की महिन्याचा, मुदत किती आणि व्याज सरळ की चक्रवाढ, यांतलं काहीच नसतं. शाळेतल्या गणितात "द.सा.द.शे. १० दराने ३ वर्षांचे सरळव्याज काढा" या एका ओळीत चारही गोष्टी असायच्या, म्हणून आपल्याला वाटतं की व्याज काढणं म्हणजे गुणाकार. खरं काम ती ओळ तयार करण्याचं आहे, आणि ते शाळेत कुणी करून घेत नाही.

त्याला फोन करण्याआधी मी कागदावर एक अंदाज घेतला. चार गोष्टी माहीत नाहीत हे खरं, पण चारही सारख्याच महत्त्वाच्या नसतात. कुठली चुकली तर उत्तर किती हलतं हे कळलं, की आधी काय विचारायचं ते ठरतं. मुद्दल एक लाख, दर दोन आणि मुदत तीन वर्षं असं धरून पाहिलं. दोन टक्के वर्षाला आणि व्याज सरळ, तर ६,००० रुपये. तेच दरवर्षी चक्रवाढ, तर ६,१२१ रुपये. दोन टक्के महिन्याला आणि सरळ, तर ७२,०००. महिन्याला आणि दरमहा चक्रवाढ, तर १,०३,९८९.

म्हणजे लोक पहिल्यांदा जो प्रश्न विचारतात, "सरळ की चक्रवाढ?", त्याने वर्षाच्या दरात अवघा १२१ रुपयांचा फरक पडला. महिना की वर्ष या प्रश्नाने सहा हजारांचे बहात्तर हजार केले. सरळ आणि चक्रवाढ यांतलं अंतर म्हणजे व्याजावरचं व्याज, आणि दर लहान व फेऱ्या थोड्या असतील तर ते किरकोळच राहतं. त्याच तीन वर्षांत तीनऐवजी छत्तीस फेऱ्या झाल्या, की मात्र तेच अंतर बत्तीस हजारांच्या घरात जातं. तेव्हा आधी महिना की वर्ष हे पक्कं करायचं, मग मुदत, आणि चक्रवाढीचा विचार त्यानंतर, असं मी ठरवलं.

फोनवर मी विचारलं, "दर काय ठरला होता?"

"दोनने घेतले होते."

"दोन म्हणजे महिन्याला?"

"दोन टक्केच गं. काका तसंच म्हणाले होते. बाबांचे मित्र आहेत ते, लिहून वगैरे काही घेतलं नाही."

"आणि घेतले कधी?"

"दोन वर्षं झाली असतील. वरती थोडं."

याच्या पुढे "सरळ की चक्रवाढ?" असं विचारण्यात अर्थ नव्हता. माझा अनुभव असा, की हा प्रश्न थेट विचारला की माणूस ठरलेलं आठवून सांगत नाही, त्या क्षणी जे बरं वाटतं ते सांगतो. देणारा म्हणतो "सरळच असणार", घेणारा म्हणतो "चक्रवाढच असते ना सगळीकडे". दोघेही खोटं बोलत नसतात. त्यांनी ते कधी ठरवलेलंच नसतं. मात्र पैसे कधी दिले, किती दिले आणि तेव्हा कोण काय म्हणालं हे लोकांना आठवतं. नाही आठवलं तरी त्याची कुठेतरी नोंद असते. म्हणून अटी विचारायचं सोडून मी रकमा आणि तारखा विचारायला लागले. त्याला सांगितलं, "तुझ्या खात्याचा उतारा काढ. काकांकडून आलेली आणि काकांना गेलेली प्रत्येक रक्कम तारखेसकट मला पाठव. आणि पैशांबद्दल तुमच्यात झालेले निरोप तसेच्या तसे पुढे पाठव, तू काही निवडू नकोस."

उताऱ्यात हे निघालं. १० जानेवारी २०२२ ला काकांकडून १,५०,००० जमा. हे मला आधी पाहायचंच होतं, कारण काही जण पहिल्या महिन्याचं व्याज कापून घेऊन उरलेली रक्कम हातात देतात. तसं असतं तर बोलायला दीड लाख आणि प्रत्यक्षात १,४७,०००, आणि मग खरा दर दोनच्या वर गेला असता. इथे पूर्ण रक्कम आली होती. त्यानंतर फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलच्या १० तारखेला प्रत्येकी ३,००० काकांना गेले होते. मेमध्ये काहीच नाही. १० जूनला ६,००० गेले, १० जुलैला परत ३,०००. पुढे काही नाही. एकूण १८,०००. प्रत्येक नोंदीपुढे त्याने स्वतःच "व्याज" असं लिहिलेलं होतं.

त्या शेवटच्या शब्दाने मोठी अडचण वाचवली. तीन हजार रुपये व्याजापोटी दिले की मुद्दल फेडायला, हे जर संदिग्ध राहिलं असतं तर दीड लाखावर हिशेब करायचा की १,३२,००० वर, इथपासून वाद झाला असता. तसं लिहिलेलं नसेल तर मी आधी व्याज वळतं करते आणि त्यातून उरलं तर मुद्दल कमी करते. बहुतेक ठिकाणची रीत तीच आहे, पण ती रीत मी वापरली हे उत्तरात सांगते. इथे त्याची गरज पडली नाही.

आता दर. दीड लाखावर महिन्याला ३,००० म्हणजे नेमके दोन टक्के महिन्याला. "दोन" वर्षाचे असते तर महिन्याचं व्याज २५० रुपये झालं असतं, आणि सहा महिने कुणी २५० च्या जागी ३,००० देत राहिला नसता. म्हणजे दर आणि त्याचा महिना की वर्ष हा घोळ, दोन्ही एका नोंदीतून सुटले. त्याला तोंडी विचारून जे तासाभरात कळलं नसतं ते एका भागाकाराने कळलं. व्याज एकदा जरी दिलं गेलं असेल तरी ही युक्ती चालते: दिलेली रक्कम भागिले मुद्दल, आणि ती किती काळासाठी दिली ते पाहायचं. फक्त ती रक्कम पूर्ण कालावधीची असल्याची खात्री हवी. "तेव्हा जमले तेवढे दिले" अशी रक्कम असेल तर तिच्यावरून दर काढू नये.

मुदतीचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. घेतले त्या दिवसापासून देणार त्या दिवसापर्यंत, म्हणजे १० जानेवारी २०२२ ते २५ मार्च २०२४. पण १० जुलै २०२२ पर्यंतचं व्याज पूर्ण चुकतं झालेलं आहे. त्या दिवशी खातं पुन्हा दीड लाखावर स्वच्छ होतं. म्हणून थकलेल्या व्याजाची मुदत १० जुलै २०२२ पासून सुरू होते. १० मार्च २०२४ पर्यंत २० महिने, आणि वर १५ दिवस.

इथपर्यंत आल्यावर सरळव्याज तोंडी निघतं. वीस महिन्यांचे ६०,००० आणि अर्ध्या महिन्याचे १,५००, मिळून ६१,५००. पण चक्रवाढ असेल तर? आणि नुसतं "चक्रवाढ" म्हणूनही भागत नाही, व्याज मुद्दलात किती काळाने मिळवायचं तेही हवं. दर महिन्याला मिळवलं तर मी गणनपत्रकात हे लिहिलं:

```
=150000*1.02^20
```

उत्तर २,२२,८९२. त्यावर शेवटच्या पंधरवड्याचा एक टक्का, म्हणजे २,२२९. मुद्दल वजा केल्यावर व्याज ७५,१२१. व्याज वर्षाने मुद्दलात मिळवलं तर चित्र वेगळं. १० जुलै २०२३ ला वर्षाचे ३६,००० मिळून १,८६,००० झाले, पुढच्या आठ महिन्यांचे सोळा टक्के म्हणजे २९,७६०, आणि पंधरवड्याचे १,८६०. एकूण व्याज ६७,६२०.

एक दर, एक मुदत, आणि उत्तरं तीन: ६१,५००, ६७,६२० आणि ७५,१२१.

इथे एक सूत्र-चूक सांगून ठेवते, कारण ती मी दुसऱ्यांच्या कागदात बरेचदा पाहिली आहे. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस, हे सरळव्याजात बरोबर आहे. म्हणून कुणीतरी दराच्या रकान्यात चोवीस लिहितो आणि मुदतीच्या रकान्यात वीसच ठेवतो, कारण महिने वीस आहेत. गणनपत्रक तक्रार करत नाही. ते वीस वर्षं समजून एक कोटी दहा लाखांच्या वरचा आकडा देतं. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यांत खुपतो तरी. उलट चूक, म्हणजे दर महिन्याचा आणि मुदत वर्षांची, जास्त फसवी, कारण उत्तर लहान येतं आणि देणाऱ्याला आवडतं. चक्रवाढीत तर आणखी एक बारकावा: महिन्याला दोन टक्के दरमहा चक्रवाढीने वर्षाला चोवीस होत नाहीत, २६.८२ होतात. माझ्यासाठी मी एक ताळा लक्षात ठेवला आहे. महिन्याला दोनने सरळव्याजात मुद्दल दुप्पट व्हायला पन्नास महिने लागतात, दरमहा चक्रवाढीत साधारण पस्तीस. वीस महिन्यांत दीड लाखाचे तीन लाख दिसायला लागले तर कागद फाडून पहिल्यापासून मांडायचं.

राहिला प्रश्न सरळ की चक्रवाढ हा. काहीच ठरलेलं नसेल आणि काहीच पुरावा नसेल तर मी सरळव्याज धरते. व्याजावर व्याज ही जादा अट आहे, आणि जादा अट मागणाऱ्याने ती ठरली होती असं दाखवायला हवं. पण इथे पुरावा अजून पाहायचा बाकी होता.

पहिला पुरावा त्या उताऱ्यातच होता. मेमध्ये व्याज गेलं नव्हतं आणि जूनमध्ये दोन महिन्यांचे ६,००० गेले. दरमहा चक्रवाढ चालू असती तर मेच्या थकलेल्या ३,००० वर जूनमध्ये ६० रुपये जास्त लागले असते, ६,०६० द्यावे लागले असते. ६,००० दिले आणि काकांनी घेतले, तेव्हा कुणी काही बोललं नाही. हे अर्थात कच्चं आहे. साठ रुपयांसाठी मित्राच्या मुलाला कोण बोलणार? त्यामुळे मी त्याची नोंद केली, पण त्यावर भिस्त ठेवली नाही.

मग निरोप वाचले. १० मे २०२३ चा काकांचा निरोप होता: "आजपर्यंत एकूण एक लाख ऐंशी झाले बाळ. सवड झाली की बघ." जुलै २०२२ पासून मे २०२३ पर्यंत दहा महिने. सरळव्याजाने १,५०,००० आणि ३०,००० मिळून बरोबर १,८०,०००. दरमहा चक्रवाढीने १,८२,८४९ झाले असते. माणूस आकडा गोळाबेरीज करून सांगतो हे खरं, पण "एकूण झाले" म्हणताना स्वतःचे अठ्ठावीसशे सोडून गोळाबेरीज करत नाही. दरमहा चक्रवाढ इथे बाद झाली.

मावसभाऊ खूश झाला, "म्हणजे सरळच!" मी त्याला थांबवलं. या निरोपाने वर्षाची चक्रवाढ बाद होत नव्हती. व्याज वर्षाने मुद्दलात मिळवायचं असेल तर दहाव्या महिन्यात वर्ष पुरंच झालेलं नाही, त्यामुळे तोपर्यंत दोन्ही हिशेब एकच आकडा देतात. वेगळेपण दिसायला १० जुलै २०२३ नंतरचा आकडा पाहिजे. वर्षाची चक्रवाढ ओळखायला पहिल्या वर्षातला कुठलाही कागद कुचकामी आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण भांडणात लोक नेमका तोच कागद नाचवतात.

जुलैनंतरचा तसा निरोप पुढे केव्हातरी सापडला. त्याने आधी पाठवला नव्हता, कारण त्यात बहुतेक सगळं काकांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेबद्दल होतं आणि पैशांची एकच ओळ शेवटी होती. १० सप्टेंबर २०२३: "आपला आकडा एक ब्याण्णव झाला." चौदा महिने. सरळव्याजाने ४२,००० म्हणजे १,९२,०००. वर्षाच्या चक्रवाढीने १,८६,००० वर दोन महिन्यांचे चार टक्के धरून १,९३,४४०. दरमहा चक्रवाढीने १,९७,९२२. काकांनी ब्याण्णव म्हटलं होतं. दोन वेगळ्या तारखांना, त्यांनी स्वतःहून, सरळव्याजाचेच आकडे सांगितले होते. मला एवढं पुरेसं वाटलं.

मी ६१,५०० हा आकडा कळवला, तेव्हा पठ्ठ्याने पहिल्यांदा खरी गोष्ट सांगितली. "ताई, त्यांच्या मुलाने मला ८५,५२३ सांगितलेत. म्हणून तर तुला विचारलं."

हे सुरुवातीला सांगितलं असतं तर माझं अर्धं काम वाचलं असतं. असा आकडा हाही पुरावाच असतो. कुणी शेवटच्या रुपयापर्यंत आकडा सांगतो तेव्हा तो कुठल्यातरी सूत्रातून आलेला असतो, आणि सूत्र उलटं शोधता येतं. माझ्या तिन्ही उत्तरांत ८५,५२३ बसत नव्हता. दरमहा चक्रवाढीच्याही तो दहा हजारांनी वर होता. त्याअर्थी दर वेगळा असेल किंवा मुदत वेगळी असेल. मुदत लांबवून पाहिली, १० जानेवारी २०२२ पासूनची, २६ महिने १५ दिवस. दरमहा चक्रवाढीने मुद्दलासकट २,५३,५२३ आले, म्हणजे व्याज १,०३,५२३. त्यातून दिलेले १८,००० वजा केले, आणि ८५,५२३ समोर आले. रुपयाला रुपया.

मला त्या मुलाची पद्धत कळली आणि ती का पटण्यासारखी दिसते तेही कळलं. पहिल्या दिवसापासून पूर्ण मुदतीचं व्याज काढायचं आणि शेवटी मिळालेलं वजा करायचं. सरळव्याजात हे अगदी बरोबर चालतं. २६ महिने १५ दिवसांचे ७९,५००, वजा १८,०००, उरले ६१,५००. माझ्याच उत्तराएवढे. ज्याने आयुष्यभर सरळव्याजाचे हिशेब असे केलेत त्याला या पद्धतीवर शंका यायचं कारणच नाही. चक्रवाढीत मात्र ती मोडते. फेब्रुवारी २०२२ ला दिलेले ३,००० त्या दिवशीच खात्यातून गेले होते, पण या पद्धतीत ते शेवटपर्यंत थकलेलेच धरले जातात, त्यांच्यावर पंचवीस महिने व्याजावर व्याज चढतं, आणि शेवटी वजा होतात ते मूळचे ३,०००च. म्हणजे चुकतं केलेल्या व्याजावरही व्याज लागतं. १०,४०२ रुपयांचा फरक तिथून आला. चक्रवाढ मान्य केली तरी प्रत्येक रक्कम ज्या दिवशी मिळाली त्या दिवशीच वजा करून पुढे जायला हवं.

मावसभावाच्या सांगण्यावरून मी काकांच्या मुलाशी बोलले. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फारच समंजस निघाला. त्याचं म्हणणं असं, की वडिलांनी त्याला "दोनने दिलेत, हिशेब काढ" एवढंच सांगितलं होतं. म्हणजे माझ्याकडे आला तसाच अर्धा प्रश्न त्याच्याकडेही गेला होता, आणि मोकळ्या जागा त्याने आपल्या समजुतीने भरल्या. तो नोकरीत कर्जाच्या खात्यांवर काम करतो, तिथे दरमहा चक्रवाढ असते, म्हणून तीच धरली. मी आधी त्याला जानेवारी-जुलैचा मुद्दा दाखवला. तो आकड्यांचा माणूस असल्याने लगेच म्हणाला, "हो ताई, हे पंच्याहत्तर हजार एकशे एकवीस व्हायला पाहिजेत." मग मी त्याच्या वडिलांचे दोन निरोप वाचून दाखवले आणि विचारलं, "एक ऐंशी आणि एक ब्याण्णव हे आकडे काकांनी कसे काढले असतील?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "थांबा, त्यांनाच विचारतो." फोन बाजूला ठेवून त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, आणि मागून काकांचा आवाजही, "अरे महिन्याचे तीन हजार! त्यात काय काढायचंय?"

एवढ्यावर चक्रवाढीचा विषय मिटला.

मग मुलाने शेवटच्या पंधरवड्याची बाब काढली, आणि ती रास्त होती. अर्ध्या महिन्याचे १,५०० मी तीस दिवसांचा महिना धरून काढले होते. १० मार्च ते १० एप्रिल एकतीस दिवस होतात, तसं धरलं तर १,४५२. सगळी मुदतच दिवसांत मोजली तर १० जुलै २०२२ पासून २५ मार्च २०२४ पर्यंत ६२४ दिवस भरतात, मधल्या २९ फेब्रुवारीसकट, आणि वर्षाचे चोवीस टक्के ३६५ दिवसांवर वाटले तर एकूण ६१,५४५ येतात. तिन्ही पद्धती कुठे ना कुठे वापरात आहेत. पन्नासेक रुपयांच्या या फरकासाठी वाद घालण्यापेक्षा एक पद्धत दोघांनी मान्य करणं महत्त्वाचं. पूर्ण महिने महिन्याने आणि सुटे दिवस रोजचे शंभर रुपये, यावर दोघे तयार झाले, कारण ते काकांनाही तोंडी पडताळता येतं.

मावसभावाला मी शेवटी लिहून पाठवलं ते असं: "मुद्दल १,५०,०००. दर महिन्याला शेकडा दोन, सरळव्याज. १० जुलै २०२२ पर्यंतचं व्याज चुकतं. त्यापुढे १० मार्च २०२४ पर्यंत २० महिन्यांचे ६०,०००. पुढे देण्याच्या दिवसापर्यंत रोज १००. २५ मार्चला दिल्यास व्याज ६१,५००, मुद्दलासकट २,११,५००. यांतली कुठलीही गोष्ट वेगळी ठरली असेल तर आकडा बदलेल." शेवटचं वाक्य मी प्रत्येक वेळी लिहिते. नुसता आकडा पाठवला की तो आकडा माझा होतो आणि वाद झाला तर माझ्या नावाने होतो. सोबत अटी असल्या की वाचणारा आकड्याशी न भांडता चुकीच्या अटीवर बोट ठेवतो.

रोजच्या शंभराचा उपयोग लगेच झाला. २५ मार्चला पैसे जमले नाहीत, २८ ला जमले. त्याने मला परत न विचारता तीनशे वाढवले आणि २,११,८०० पाठवले. काकांच्या मुलाकडून त्याने पोच लिहून घेतली. तीत त्या दिवसापर्यंतचं व्याज आणि मुद्दल दोन्ही वेगळे लिहून "येणे बाकी काही नाही" असं घालायला मीच सांगितलं होतं. नुसतं "२,११,८०० मिळाले" एवढंच लिहिलं असतं, तर त्यांतले किती कशापोटी हा प्रश्न पुन्हा मोकळा राहिला असता.